दुखत होता खांदा, अडत होतं कंबरेपाशी: एका हौशी क्रिकेटपटूचे बारा आठवडे

हे प्रकरण मी कंडिशनिंग प्रशिक्षक म्हणून स्वतः हाताळलेलं आहे. खेळाडूची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मोजमापं माझ्या वहीतली आहेत. यात माझी एक ठळक चूक आहे, आणि प्रकरणातला सगळ्यात उपयोगी भाग तोच आहे असं मला वाटतं.

## पार्श्वभूमी

खेळाडू ३१ वर्षांचा. दिवसभर बैठं काम आणि रविवारी क्लबचा सामना. उजव्या हाताने फलंदाजी, उजव्या हातानेच थ्रो, पाचव्या किंवा सहाव्या क्रमांकावर येणारा. क्षेत्ररक्षणात डीप मिडविकेट ही त्याची ठरलेली जागा, कारण संघात लांबून थ्रो करणारे दोघेच होते आणि दुसरा विकेटकीपर.

आला तेव्हा त्याच्याकडे तीन तक्रारी होत्या. सीमारेषेवरून थ्रो केला की खांद्याच्या मागच्या बाजूला कळ येते. उचललेले फटके सीमारेषेच्या आतच पडतात. आणि दोन धावा घेताना तो नेहमी मागे पडतो, समोरचा फलंदाज निम्म्यावरून परत पाठवतो. "सर, तिन्ही गोष्टी करायच्या आहेत, आठवड्याचे पाच दिवस देतो," असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला. हंगामाला बारा आठवडे होते.

तोपर्यंत तो काय करत होता, ते आधी लिहून घेतलं. आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर धावणं. दोनदा बेंच प्रेस आणि शोल्डर प्रेस. कमरेच्या ताकदीसाठी बसून केलेले रशियन ट्विस्ट, शंभर-शंभर. रोज रात्री स्लीपर स्ट्रेच, म्हणजे दुखऱ्या कुशीवर झोपून कोपर काटकोनात ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने मनगट खाली दाबायचं. हा ताण त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिला होता. तो करताना खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचायचं, पण टोचतंय म्हणजेच लागू पडतंय अशी त्याची समजूत होती.

आदल्या वर्षी त्याने सहा आठवडे थ्रो पूर्ण बंद ठेवून पाहिला होता. त्या काळात दुखणं गेलं आणि हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात परत आलं. ही माहिती पुढे फार कामाला आली.

## तपासणीत काय दिसलं

खांद्याची तपासणी फिजिओने केली. रात्री दुखतं का, हात अचानक निर्जीव होतो का, खांदा निसटल्यासारखा वाटतो का, हात डोक्यावर नेताना जोर जातो का, या सगळ्यांची उत्तरं नाही आली. यातलं एक जरी हो असतं तरी व्यायामाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. दुखणं एकाच क्षणी व्हायचं, चेंडू हातातून सुटल्यानंतर हात पुढे जाऊन थांबताना. त्या वेळी वेगात निघालेल्या हाताला ब्रेक लावायचं काम खांद्याच्या मागचे छोटे स्नायू करतात. दहापैकी पाच इतकी कळ, असं त्याने सांगितलं.

मग कोन मोजले. पाठीवर झोपवून, दंड बाजूला काटकोनात ठेवून हात किती मागे वळतो आणि किती पुढे वळतो ते पाहायचं. उजवा खांदा बाहेरच्या बाजूला, म्हणजे मागे, ११२ अंश वळत होता, आतल्या बाजूला, म्हणजे पुढे, फक्त ३६. डाव्याचे आकडे ९६ आणि ५४. आतलं वळण उजवीकडे १८ अंशांनी कमी आहे एवढंच पाहिलं, तर 'खांदा आखडलाय, ताणायला हवा' असं कुणीही म्हणेल. पण दोन्ही आकड्यांची बेरीज करून बघा. उजवा १४८, डावा १५०. म्हणजे एकूण वळण जवळपास तेवढंच आहे, फक्त मागच्या दिशेला सरकलं आहे. लहानपणापासून थ्रो करणाऱ्यांच्या दंडाचं हाडच वाढत्या वयात थोडं पिळलेलं राहतं, त्यामुळे त्यांच्यात हा फरक नेहमी दिसतो. हाडामुळे आलेला फरक ताणून जात नाही. बेरजेतच मोठी तूट असती तर गोष्ट वेगळी होती.

खरी तूट ताकदीत निघाली. हातात धरायच्या बलमापकावर उजवा हात आतल्या बाजूला १८ किलो जोर लावत होता आणि बाहेरच्या बाजूला ११. म्हणजे ब्रेक लावणारे स्नायू पुढे फेकणाऱ्यांच्या ६१ टक्के. डाव्या हाताचं हेच प्रमाण ७१ टक्के. थ्रो करणाऱ्या खांद्यात ते निदान ७० च्या आसपास असावं, असं आम्ही धरून चालतो. वर्षानुवर्षं बेंच प्रेस करून त्याने इंजिन वाढवलं होतं, ब्रेक होते तसेच राहिले होते.

खांद्यावरून मी मांडीकडे आलो. नितंबाच्या सांध्यातलं आतलं वळण उजवीकडे ३२ अंश, डावीकडे १८. हा आकडा पाहिला आणि तिन्हीपैकी दोन तक्रारी एकाच जागी येऊन बसल्या. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा पुढचा पाय डावा. लेग साइडला फटका मारताना डावा पाय रोवला जातो आणि कंबर त्याच्यावर वळते. थ्रोतही तेच होतं, डावा पाय टेकतो आणि कंबर त्याच्यावर वळते. दोन्ही वेळा डाव्या नितंबात आतलं वळण लागतं. ते १८ अंशांवर संपलं की कंबर अडते आणि उरलेला वेग हातातून काढावा लागतो.

व्हिडिओत हे उघड दिसलं. थ्रो करताना त्याचा डावा पाय टेकायचा तेव्हा पायाची बोटं लक्ष्याकडे नसून बरीच उजवीकडे वळलेली असायची, म्हणजे पाऊल बंद. आधीच कमी वळणारा सांधा आणि त्यात बंद पाऊल. कंबर निम्म्यावर थबकायची, गुडघा आत कोसळायचा आणि हात एकटाच पुढे जायचा. मी चित्र तिथे थांबवून त्याला दाखवलं. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी उभ्या उभ्या हातानेच फेकतोय." अगदी तेच होतं.

धावण्याची मोजमापं अशी होती. उभ्याने सुरुवात करून १० मीटर २.०२ सेकंद, २० मीटर ३.४२ सेकंद. फोनवर सेकंदाला २४० चित्रं टिपणारा मोड लावून मोजलं, कारण हातातल्या स्टॉपवॉचची चूकच सुधारणेपेक्षा मोठी असते. पॅड बांधून, बॅट घेऊन दोन धावा ७.१ सेकंदांत. दोन वर्षांपूर्वी त्याचा डावा हॅमस्ट्रिंग ताणला गेला होता, हेही इथेच बोलण्याच्या ओघात निघालं. मेडिसिन बॉलची कडेने फेक, ३ किलोच्या चेंडूने, फलंदाजीच्या दिशेला ८.६ मीटर.

## समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग म्हणजे थ्रो पूर्ण बंद करून दोन महिने फक्त खांद्याचा व्यायाम. फिजिओचा सुरुवातीला याकडे कल होता आणि दुखणं पाचाच्या वर असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण हे त्याने आदल्या वर्षी करून पाहिलं होतं. विश्रांतीने दुखणं जातं, पण थ्रो सोसण्याची खांद्याची सवयही जाते, आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी त्याच्यावर पूर्ण भार पडतो.

दुसरा मार्ग खेळाडूला हवा होता तो. पाच दिवस, तिन्ही गोष्टी एकदम. त्याच्या उत्साहाबद्दल शंका नव्हती. पण फेकण्याचा आणि धावण्याचा वेग ताज्या अंगानेच वाढतो. दमलेल्या अंगाने केलेली दहावी धाव ही फक्त दमणुकीची सवय लावते. त्यातून रविवारी सामना, म्हणजे शनिवार हलका आणि सोमवार सुस्त. पाच दिवसांतले खरे दिवस तीनच उरत होते.

तिसरा मार्ग मी निवडला. जिमचे दोन दिवस, मैदानावरचा एक, आणि थ्रो बंद न करता अगदी खालच्या पायरीवरून पुन्हा चढवायचा. पाच किलोमीटरचं धावणं, रशियन ट्विस्ट, स्लीपर स्ट्रेच आणि वजनदार बेंच प्रेस या चार गोष्टी काढल्या. काय वाढवायचं यापेक्षा काय काढायचं यावरच आमची जास्त चर्चा झाली. बेंच प्रेस सोडायला तो तयारच नव्हता. शेवटी बारा आठवड्यांपुरतं सोडतो, यावर तडजोड झाली.

दुखण्यासाठी एक नियम ठरवला. थ्रो करताना दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर पुढच्या वेळी एक पायरी खाली.

## पहिले पाच आठवडे

सुरुवात पावलापासून केली, कारण सांध्याचं वळण वाढायला आठवडे लागतात आणि पावलाचा कोन आजच्या आज बदलता येतो. थ्रो करताना डावं पाऊल लक्ष्याच्या दिशेला थोडं उघडं टाकायचं. पाऊल उघडं असलं की मांडी आधीच बाहेरच्या बाजूला वळलेली असते आणि कंबरेला वळायला जागा मिळते. फलंदाजीतही लेग साइडला उचलून मारताना पुढच्या पावलाची बोटं मिडऑफच्या दिशेला किंचित उघडायला सांगितली. सरळ आणि कव्हरच्या फटक्यांना हात लावला नाही, तिथे हा बदल करायला गेलं तर तोल जातो.

कंबरेच्या वेगासाठी मेडिसिन बॉल. भिंतीकडे डावी कूस करून उभं राहायचं, चेंडू मागच्या नितंबापाशी धरायचा, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्यायचं आणि चेंडू भिंतीवर आदळायचा. प्रत्येक बाजूला पाच फेकी, असे चार सेट, मध्ये दीड मिनिट थांबणं. त्याला ६ किलोचा चेंडू हवा होता. मी ३ चा दिला, आणि पुढच्या टप्प्यात तर २ चा. बॅट जेमतेम सव्वा किलोची असते आणि आपल्याला हवा असतो तो वेग. चेंडू जड झाला की कंबर आणि छाती एकदम वळतात, आधी कंबर मग छाती हा क्रम मोडतो. क्रम मोडलाय हे ओळखायला यंत्र लागत नाही. हाताने ढकललेला चेंडू भिंतीवर वर लागतो आणि लोंबकळत परत येतो. कंबरेतून आलेला चेंडू सरळ जातो, आवाज वेगळा येतो. तिसऱ्या आठवड्यानंतर तो पाठमोरा असला तरी मला आवाजावरून कळायचं.

रशियन ट्विस्ट का काढले हेही इथेच सांगतो. बसल्यावर कंबर जमिनीला खिळते आणि वळतो तो फक्त पाठीचा कणा. फटक्यात याच्या बरोबर उलट हवं असतं. शिवाय शंभर वेळा होईल इतक्या संथ हालचालीतून वेग येत नाही.

खांद्यासाठी तीनच व्यायाम ठेवले. कुशीवर झोपून कोपर काटकोनात ठेवून हात बाहेर वळवणं, २ किलोचं डंबेल, बारा-बारा वेळा तीन सेट, आणि खाली आणताना सावकाश तीन सेकंद. थ्रोत हे स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतात, म्हणून उचलण्यापेक्षा उतरवणं महत्त्वाचं. दुसरा पुश-अप, पण वर आल्यावर पाठ आणखी ढकलून खांद्याची पाती पुढे नेणं. तिसरा एका हाताचं रोइंग. पायांसाठी डेडलिफ्ट आणि स्प्लिट स्क्वॉट, आणि हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक. यात गुडघ्यांवर बसायचं, घोटे कुणीतरी धरायचे आणि शरीर सरळ ठेवून पुढे सावकाश झुकत जायचं. नॉर्डिक पहिल्या आठवड्यात तीनचे दोनच सेट दिले, कारण पहिल्यांदा करणाऱ्याच्या मांड्या यानंतर तीन-तीन दिवस धरतात.

मैदानावरच्या दिवशी सरावाआधी, ताज्या अंगाने, १० मीटरच्या सहा धावा आणि २० मीटरच्या चार. १० मीटरनंतर एक मिनिट थांबायचं, २० मीटरनंतर दोन. हे थांबणं त्याला वेळ फुकट घालवल्यासारखं वाटायचं. दोन्ही क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर आहे. या अंतरात माणूस आपल्या सर्वोच्च वेगापर्यंत पोहोचतही नाही, सगळा खेळ पहिल्या पाच-सहा पावलांचा. म्हणून धाव लांबवली नाही, सुरुवातच वेगवेगळ्या तऱ्हेने करून घेतली. कधी उभ्याने, कधी नॉनस्ट्रायकरसारखं दोन पावलं पुढे सरकून, कधी गुडघ्यावर बसून.

थ्रो आठवड्यातून तीनदा. २० मीटरवर निम्म्या जोराने वीस ते पंचवीस. चौथ्या आठवड्यापर्यंत ३० मीटर. दुखणं दोनावर आलं होतं आणि माझा आत्मविश्वास वाढला होता.

## सहावा आठवडा

सहाव्या आठवड्यात मी एक नवी गोष्ट घातली. मेडिसिन बॉल डोक्यावरून जमिनीवर आपटणं, थ्रोच्याच दिवशी. त्या रविवारी सरावाचा सामना होता. सोमवारी सकाळी त्याचा निरोप आला, "सर, खांदा सहावर आहे." मंगळवारीही सहावरच होता.

पहिला संशय माझ्या आपटण्यावर गेला, आणि तो चुकीचा नव्हता. डोक्यावरून वेगाने हात खाली आणणं म्हणजे खांद्यासाठी आणखी काही थ्रोच. मी तो कंबरेचा व्यायाम म्हणून घातला आणि खांद्याच्या हिशेबात धरलाच नाही. पण तेवढ्याने दोनावरचं दुखणं सहावर जाईल हे पटत नव्हतं. मग त्याला आठवडा पहिल्यापासून सांगायला लावला. सामन्यात किती थ्रो केलेस? बारा-पंधरा. सामन्याआधी? वीसेक. माझ्या वहीत तिन्ही दिवसांचे मिळून पंच्याहत्तर होते. मग मी सहज विचारलं, नेटमध्ये काय काय करतोस?

"काही नाही, बॅटिंग करतो. आणि मग पोरांना थ्रोडाउन देतो."

म्हणजे गुरुवारी आणि शनिवारी तो पोरांच्या फलंदाजीच्या सरावासाठी हाताने चेंडू फेकत होता, प्रत्येकी वीस मिनिटं. एका मिनिटात तीन-चार चेंडू सहज जातात. दोन दिवसांचे मिळून जवळपास दीडशे थ्रो, तेही सगळे पायाचा वापर न करता, एका जागी उभं राहून, हाताने. त्याच्या लेखी हे थ्रो नव्हतेच. थ्रो म्हणजे सीमारेषेवरून केलेला, थ्रोडाउन म्हणजे मदत. आणि मी पहिल्या दिवसापासून "आठवड्यात किती थ्रो करतोस" एवढंच विचारत आलो होतो. त्याने प्रामाणिक उत्तर दिलं होतं, माझाच प्रश्न अपुरा होता.

आदल्या वर्षीचं कोडंही इथेच सुटलं. थ्रो बंद होता तेव्हा थ्रोडाउनही बंद होते. हंगाम सुरू झाला आणि दोन्ही एकाच आठवड्यात परत आले.

आता पुन्हा तोच प्रश्न, थ्रो थांबवायचा की नाही. फिजिओने पुन्हा तपासलं. ताकद गेलेली नव्हती, नवीन काही दिसलं नाही. चार दिवस पूर्ण विश्रांती घेतली, मग २० मीटरवर निम्म्या जोराने पंधरा थ्रो, दिवसाआड. थ्रोडाउन चार आठवडे बंद. ही गोष्ट त्याला सगळ्यात जड गेली, कारण संघातल्या पोरांना नाही म्हणायचं होतं. त्याने त्यातून एक वाट काढली. तो झेलांच्या सरावाला बॅटने चेंडू मारून देऊ लागला आणि थ्रोडाउन दुसऱ्याकडे गेले.

हातातून डोक्याच्या उंचीवरून सुटणारा प्रत्येक चेंडू मोजायचा, असं ठरलं. सराव, सामना, सामन्याआधीचा, गंमतीत फेकलेलाही. फोनमध्ये मोजणीचं बटण ठेवलं. कुठलाही आठवडा मागच्यापेक्षा पंधरा-वीस थ्रोंहून जास्त वाढवायचा नाही, आणि आकडा शंभराजवळ आला की तिथेच थांबायचं. शंभर हा काही सगळ्यांना लागू होणारा आकडा नाही. त्याच्या खांद्याला त्या काळात काय झेपत होतं, त्यावरून आम्ही तो ठरवला. आपटणं काढून टाकलं. त्याऐवजी एका गुडघ्यावर बसून, दंड काटकोनात ठेवून, मागून येणारा १ किलोचा चेंडू झेलत हात सावकाश पुढे जाऊ देणं आलं, पण दोन आठवडे शांत गेल्यावरच.

## धावेतली गाठ

आठव्या आठवड्यात पुन्हा मोजलं. १० मीटर २.०२ वरून १.९६ वर आलं होतं. पॅड बांधून दोन धावा मात्र ७.१ वरून ७.० एवढंच. वेग वाढला आणि धाव तशीच, हे कसं?

व्हिडिओ वळणापाशी थांबवला. तो क्रीजपर्यंत जवळजवळ उभाच धावत जायचा, पायाशेजारी बॅट टेकवायचा आणि मग वळायचा. क्रीजच्या आत बॅटचं टोक टेकलं तरी पुरतं, पाय न्यायची गरज नाही. हात आणि बॅट लांब करून खाली वाकलं तर पाय क्रीजच्या दीड मीटर अलीकडे थांबू शकतात. जाताना दीड आणि येताना दीड, म्हणजे एका वळणावर तीन मीटर धावावेच लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, बॅट कायम उजव्या हातात. चेंडू त्याच्या उजव्या बाजूला गेलेला असला की वळताना चेंडूकडे पाठ व्हायची आणि मान वळवून पाहण्यात एक पाऊल जायचं. चेंडू उजवीकडे असेल तर बॅट डाव्या हातात, डावीकडे असेल तर उजव्या हातात. मग वळताना छाती आपोआप चेंडूकडे राहते. डाव्या हाताने बॅट सरकवायला त्याला दोन आठवडे लागले. सुरुवातीला तीनदा बॅट मातीत रुतली आणि एकदा तो स्वतःच तिच्यावर आपटला. बॅट उभी खुपसली की असं होतं. ती क्रीजच्या मीटरभर अलीकडेच आडवी, कडेवर टेकवून सरकवत न्यावी लागते.

वळताना शेवटच्या तीन पावलांत खाली बसून वेग मारावा लागतो, आणि तो भार मांडीवरच येतो. म्हणून एका दिवशी सहा ते आठ वळणांपलीकडे गेलो नाही. नवव्या आठवड्यात डावा हॅमस्ट्रिंग जरा धरला होता. त्या दिवशी वळणं सोडून फक्त सरळ धावा, सुमारे ८० टक्के वेगाने. पूर्ण थांबवलं नाही, पुढच्या आठवड्यात सगळं परत सुरू केलं.

## बाराव्या आठवड्याअखेर

उजव्या खांद्याचं आतलं वळण ३६ वरून ३८. म्हणजे बदललंच नाही असं धरा, एवढी तर मोजण्यातली चूक असते. बाहेर वळवायचा जोर ११ वरून १३.५ किलोवर गेला, आतला १८.५ राहिला, म्हणून प्रमाण ७३ टक्के. पूर्ण जोराच्या थ्रोला कळ दहापैकी एक, कधी तीही नाही. मोजलेला सगळ्यात मोठा आठवडा ९६ थ्रोंचा होता आणि तो शांत गेला. कोन जवळपास तसाच असताना दुखणं गेलं, यावरून रोजचा तो स्लीपर स्ट्रेच गरजेचा नव्हता असं मी म्हणतो.

मेडिसिन बॉलची फेक ८.६ वरून १०.१ मीटर. डाव्या नितंबाचं वळण १८ वरून २५ अंश. १० मीटर १.९४, २० मीटर ३.३१, दोन धावा ६.६ सेकंद. दोन धावांतल्या अर्ध्या सेकंदातला बराचसा वाटा क्रीजपाशी वळण्याचा आहे, पायांच्या ताकदीचा कमी.

फटक्यांबद्दल मात्र जपून बोलावं लागेल. सुरुवातीला आणि शेवटी मोकळ्या मैदानात वीस-वीस चेंडू उचलून मारायला लावले आणि चेंडू कुठे पडतो ते पावलांनी मोजलं. सरासरी ५२ वरून ५८ मीटरवर गेली. पण चेंडू टाकणारा माणूस होता, यंत्र नव्हतं, वारा वेगळा होता आणि तो त्या महिन्यात नेटमध्येही जास्त खेळला होता. यातलं किती मेडिसिन बॉलचं, किती उघड्या पावलाचं आणि किती सरावाचं, हे या एका प्रकरणावरून वेगळं काढता येत नाही. पाऊल उघडल्याच्या दिवशीच पहिले दोन फटके त्याला स्वतःला वेगळे लागले होते, एवढं खरं.

## पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीत "किती थ्रो करतोस" हा प्रश्न मी आता विचारत नाही. सोमवार ते रविवार एकेक दिवस उभा करून विचारतो, नेटमध्ये कोण कुणाला चेंडू टाकतं, झेलांना कोण फेकतं, सामन्याआधी काय होतं. मग एक आठवडा काहीही न बदलता नुसता मोजायला सांगतो. तो आठवडा वाया जातोय असं खेळाडूला वाटतं. इथे तो घेतला असता तर सहाव्या आठवड्यातले दहा दिवस वाचले असते.

वळणाचा सराव मी आठव्या आठवड्याऐवजी पहिल्यापासून घेतला असता. त्याला ताकद लागत नाही आणि अर्धा तास पुरतो. दोन धावांची वेळ पहिल्या दिवशी घेतली होती, पण तिचा व्हिडिओ तुकड्यातुकड्याने पाहिला नव्हता. नुसता ७.१ हा आकडा लिहून ठेवला आणि कारण पायांमध्ये असेल असं गृहीत धरलं.

बेंच प्रेस काढण्याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. प्रमाण सुधारायला ब्रेक वाढवणं पुरेसं होतं, इंजिन थांबवायची गरज होती का? एकाच वेळी चार गोष्टी काढल्यामुळे नेमकी कुठली नडत होती ते कळायला मार्ग राहिला नाही. हंगामानंतर त्याने बेंच प्रेस पुन्हा सुरू केला आहे, आठवड्यातून एकदा, रोइंगपेक्षा कमी सेट ठेवून.

हंगामाच्या मध्यावर त्याचा फोन आला होता. थ्रोडाउन परत देतो आहे, पण दिवसाला चोवीसच, आणि तेही पाऊल टाकून. पंचविसावा मागणाऱ्या पोराला तो फोनवरचा आकडा दाखवतो.